आईच्या पाटल्या आणि भावाचं भाषण

मराठी लग्नात मुलीच्या बापाला बोलायला जागाच ठेवलेली नाही. त्याने पाय धुवायचे, पाणी सोडायचं, भटजी सांगतील तिथे ‘मम’ म्हणायचं आणि मधल्या वेळात केटररला गाठून जिलबी कमी पडत नाहीये ना ते बघायचं. मंगलाष्टका मामा-मावश्या म्हणतात, उखाणे नवरा-नवरी घेतात, बाप मात्र दिवसभर राबून गप्प. म्हणून माझ्या धाकट्या भावाने जेव्हा जाहीर केलं की लेकीला आईच्या पाटल्या देताना मी चार शब्द बोलणार आहे, तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली. माझा भाऊ चार शब्द बोलणारा नाही. सोसायटीच्या सभेत आभारप्रदर्शनाला उठला तरी लोक चपला शोधायला लागतात.

त्याने मला भाषण लिहून दाखवलं ते दोन फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी. ‘ताई, तू बँकेतली, कागद बघायची तुला सवय. बघ जरा.’

मी एका सहकारी बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. त्यामुळे दागिना बघितला की आधी वजन, मग कस, आणि नक्षी सगळ्यात शेवटी, अशी नजर झालेली आहे. तीच नजर मी भाषणावर फिरवली.

पहिल्याच परिच्छेदात होतं, ‘माझ्या मातोश्रींच्या चार तोळ्यांच्या पाटल्या’. तिथेच थांबले. मातोश्री हा शब्द आमच्या आईला आयुष्यात कुणी लावला नव्हता, पण ते सोडा. मला खटकले ते चार तोळे.

त्या पाटल्या आईला तिच्या लग्नात, 1960 साली, तिच्या वडिलांनी घातल्या. राजापूरकडचे आजोबा, घरी थोडं भात, थोडे आंबे. पाटल्या चार तोळ्यांच्या, हे आमच्याकडे गोत्रासारखं पाठ होतं. तराजूवर टाकल्या तर भरतातही साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबाने चार तोळे बरोबर. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आता सराफ धरतात तो 10 चा. पण हे वजन सगळं सोन्याचं नाही. पाटल्या लाख भरलेल्या आहेत. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख. यात फसवणूक असतेच असं नाही, ही घडवायची एक जुनी रीत आहे. पत्रा पातळ असला की पाटलीला पोचे पडतात, धुणं-भांडी करणाऱ्या हातात तर हमखास. आत लाख असली की ती तग धरते आणि थोड्या सोन्यात दागिना भरघोस दिसतो. फक्त वजन सांगताना लाख धरून सांगायचं की वगळून, इथे माणसाची नियत दिसते.

आईला हे कधी कळलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिच्याबरोबर होते.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने, मग मिटेल. पावसाळा आला तरी मिटला नव्हता. आमच्या चाळीतल्या गाळ्यांतली एकटी माणसं गावाला निघून गेली, त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी बसल्या. आईही त्यातल्याच एका खानावळीत पोळ्या लाटायची, ते काम गेलं. गणपतीच्या आधी एका दुपारी तिने पाटल्या काढून पदरात बांधल्या आणि मला म्हणाली, चल.

पेढीवाल्याने पाटली बोटाने टिचकी मारून ऐकली. नंतर कसोटीच्या दगडावर घासली, त्या रेघेवर तेजाब लावून बघितलं. कस चांगला होता, बावीसच्या जवळ. पण टिचकीवरच त्याला कळलं होतं. भरीव सोनं आणि लाखेचं सोनं यांचा आवाज वेगळा येतो, लाखेचा बसका. तो म्हणाला, ‘बाई, यात लाख आहे. मी तीनच तोळे धरणार.’ आई काही बोलली नाही. तेव्हा सोनं सोळाशे-सतराशे रुपये तोळा. तीन तोळ्यांचे पाच हजार होतात, त्याचे निम्मे म्हणून त्याने अडीच हजार दिले. व्याज शेकडा दोन, दर महिन्याला. म्हणजे पन्नास रुपये.

येताना रस्त्यात तिने एवढंच सांगितलं, ‘हे तुझ्या आजोबांच्या कानावर घालू नकोस.’

आजोबांना लाखेचं माहीत होतं, की राजापूरच्या सोनाराने त्यांना भरीव म्हणून विकलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आईने विचारलंच नाही. आजोबा त्यानंतर बरीच वर्षं होते; दर मे महिन्यात आम्ही जायचो, आई सोन्याचा मुलामा दिलेल्या बांगड्या घालून जायची आणि पाटल्या मुंबईत जपून ठेवल्यात म्हणून सांगायची. तेही एका अर्थी खरंच होतं म्हणा.

हे सगळं भावाला माहीत नव्हतं असं नाही, पण तो तेव्हा नववी-दहावीतला, त्याला तपशील आठवत नव्हता. त्याच्या भाषणात संपाचा उल्लेखच नव्हता. ‘आईने हे सोनं प्राणापलीकडे जपलं,’ असं होतं. मी म्हटलं, जपलं कुठे? गहाण टाकलं. तीन वर्षं पेढीवर होतं. महिन्याला पन्नासप्रमाणे अठराशे रुपये नुसतं व्याज गेलं, अडीच हजाराच्या मुद्दलावर. आईने दादरच्या घरांत सकाळ-संध्याकाळ पोळ्या केल्या ते त्या पन्नास रुपयांसाठी. विकल्या असत्या तर एकदम पाच हजार आले असते आणि व्याजही वाचलं असतं. माझ्या खिडकीवर बसून मी पुढे कितीतरी बायकांना हा हिशेब मांडून दाखवला आहे, आणि बहुतेकींनी तो ऐकून घेऊन दागिना तारणच ठेवला आहे. विकला की गेला. तारण ठेवला की तो अजून आपला असतो, आणि महिन्याचं व्याज भरत राहिल्याने तो आपला आहे हे दर महिन्याला स्वतःला सांगता येतं. व्यवहार म्हणून तोट्याचा आहे. मी त्यांना मनाई कधी केली नाही.

भाऊ म्हणाला, ‘ताई, व्याह्यांसमोर गहाण टाकल्याचं सांगायचं?’

त्याची अडचण मला समजत होती. मुलाकडची माणसं साधी, डोंबिवलीची, पण व्याही ते व्याही. शिवाय मंडपात ‘गहाण’ हा शब्द. आपल्याकडे लग्नघरात बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. मी म्हटलं, शब्द बदल, गोष्ट बदलू नकोस. या पाटल्यांच्या बाबतीत सांगण्यासारखं दुसरं आहेच काय? नक्षी साधी, वजन लाखेचं. आजीच्या हातात छान दिसायच्या एवढंच सांगायचं असेल तर भाषण कशाला, डबी हातात दे आणि जेवायला बस.

पुढचा वाद अधिक लांबला. दुसऱ्या पानावर त्याने लेकीला उपदेश केला होता: ही घराण्याची ठेव आहे, काहीही झालं तरी मोडू नकोस, विकू नकोस, पुढच्या पिढीला दे. वाचायला गोड. मी त्यावर आडवी रेघ मारली. तो चिडला. मी विचारलं, दिल्यावर त्या पाटल्या कुणाच्या? तिच्या. मग तिने त्यांचं काय करायचं हे तू का सांगतोस? आईने मोडल्या असत्या त्या दिवशी, तर तू काय बोलणार होतास?

कायदाही हेच सांगतो, आणि हे मी त्याला ऐकवलंच. लग्नात मुलीला दिलेलं सोनं तिचं स्त्रीधन. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केलं. बापाचाही नाही, हे 2024 साली सांगितलं. त्या खटल्यात घटस्फोटित मुलीचे दागिने तिच्या सासरकडून परत मागायला वडीलच कोर्टात गेले होते आणि मुलीने तसा अधिकार त्यांना दिलेलाच नव्हता. बापाचा हेतू चांगला असेलही. पण सोनं तिचं, मागायचं की नाही ते तिने ठरवायचं. अट घालून दिलेला दागिना हातात कमी आणि डोक्यावर जास्त बसतो. खिडकीवर येणाऱ्या बायका मी बघितल्यात: नवऱ्याचं ऑपरेशन आहे, पैसे उद्या भरायचेत, पाटी-पेन्सिलसारखा सरळ हिशेब समोर आहे, आणि तरी ‘सासूबाईंनी मोडू नको म्हणून घातलंय हो’ म्हणत हातातलं काढायला तास लावतात.

तिसरी दुरुस्ती माझ्याबद्दल होती, म्हणून ती सांगायला मला जड गेलं. भाषणात सगळीकडे ‘मी देतो’ होतं. आईने मृत्युपत्र केलं नव्हतं. बाबा तिच्या आधी गेले. अशा वेळी हिंदू बाईची मालमत्ता मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखी वाटली जाते, म्हणजे पाटली एक त्याची, एक माझी. आई गेल्यावर भावानेच डबी पुढे करून ‘एक घे’ म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, जोड मोडू नये, ठेव तुझ्याकडे, पुढे बघू. बऱ्याच घरांत जोड अशी मोडते: एक पाटली पार्ल्यात, एक पनवेलला, आणि दोघींनाही एका हातात घालता येत नाही. तर आता ते ‘पुढे’ आलं होतं. मला पाटली नको होती. पण आपली वस्तू दुसऱ्याने दिली म्हणून टाळ्या पडाव्यात, एवढी काही मी संत नाही. तसं मी त्याला म्हटलं, तर तो खजील झाला आणि लगेच पेनाने ‘मी’चं ‘आम्ही’ करत सुटला. काही ठिकाणी वाक्यं त्यामुळे शाही झाली, ती मग मी नीट केली.

एवढं होईपर्यंत दोन पानांचं अर्धं पान झालं होतं. तेवढ्यात भाची म्हणाली, ‘पण त्या मला होतात का?’

नव्हत्या होत. आईचा हात दोन-चारचा, हिचा दोन-सहा. बांगडीचं माप इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात असतं, त्यामुळे फरक ऐकायला किरकोळ, व्यासात तीन मिलिमीटर. पण अंगठ्याच्या बुडाशी पाटली अडली की अडली. काचेच्या बांगड्यांना कासार साबण लावून हात दाबतो, सोन्याच्या पाटलीला तेही करता येत नाही, हात सोलतो. स्टेजवर कॅमेऱ्यासमोर हे झालं असतं तर भाषण कितीही चांगलं असून काय उपयोग?

दादरच्या दुकानात गेलो तर पोरसवदा सेल्समनने सांगितलं, मॅडम, मोडून नवीन घ्या, सेम डिझाइन देतो. लाख भरलेली पाटली तशीच कापून डाक देता येत नाही, आच लागली की लाख वितळते, जळते, धूर होतो. म्हणून दुकानांना ते काम नको असतं. शेवटी बँकेच्या जुन्या मूल्यांकक सराफांनी झवेरी बाजारातला एक कारागीर सांगितला. अरुंद जिना, वर छोटी खोली, खाली बसून काम. त्याने पाटली फिरवून सांधा शोधला, तिथे उघडली, मंद आचेवर सगळी लाख गाळून काढली. काळपट तपकिरी लाख ताटलीत जमली. मग त्याने नुसतं सोनं काट्यावर टाकलं आणि मी चष्मा लावून पुढे वाकले. पासष्ट वर्षं कुणालाच माहीत नसलेला आकडा: 34 ग्रॅम आणि वर थोडं. जुन्या हिशेबाने तीन तोळ्यांना किंचित कमी. पेढीवाल्याने टिचकी मारून तीन सांगितलं होतं. त्याचं व्याज जास्त होतं, पण कान पक्का.

माप वाढवायला प्रत्येक पाटलीत साधारण सेंटिमीटरभर पट्टी घालावी लागली, दोन्हींचं मिळून दोनेक ग्रॅम सोनं. नवं सोनं घालू नका, असं कारागीरच म्हणाला. बावीस कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोनं, पण उरलेल्या भागात तांबं किती आणि चांदी किती यावर रंग ठरतो. जुन्या पाटल्या तांबूस होत्या, आजचं सोनं पिवळं, जोड उठून दिसली असती. माझ्याकडे आईनेच दिलेल्या कुड्यांपैकी एकच उरली होती, दुसरी कधीच लोकलच्या गर्दीत गेली. ती दिली. रंग जुळला. त्यात लाख पुन्हा भरून, घासून, पाटल्या तयार झाल्या. आता बघितलं तर सांधा दिसत नाही. आतून बोट फिरवलं तर लागतो.

राहिला वेळेचा प्रश्न. बोलायचं कधी? झालीच्या वेळी नको, तेव्हा सगळे रडत असतात आणि ऐकत कुणी नसतं. रिसेप्शनला नको, तिथे पाकिटं घेऊन रांग उभी. भटजींशी बोलून सप्तपदी आणि जेवण यांच्या मधली दोन मिनिटं मागून घेतली. दोन्हीकडची मंडळी मंडपाभोवतीच असतात आणि भुकेली असल्याने वक्त्याला आपोआप आवर बसतो. पाटल्या हिरव्या चुड्याच्या पुढे घालायच्या हेही आधी ठरवलं. मागे घालायच्या तर चुडा उतरवावा लागेल, आणि नवीचा चुडा आमच्याकडे उतरवत नाहीत.

भाऊ उठला. माईक सनईच्या रेकॉर्डवाल्याकडून घ्यावा लागला, तो आधी कुईकुई वाजला. मग त्याने वाचलं. वाचलं म्हणजे कागद हातात होता, पण बघितलं नाही.

‘मंडळी, पानं वाढली आहेत हे मला दिसतंय. दोनच मिनिटं.

या पाटल्या माझ्या आईच्या. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला घातल्या. आज त्या माझ्या आणि ताईच्या आहेत, आणि आम्ही दोघं मिळून त्या आमच्या लेकीला देतोय.

मी दहावीत होतो तेव्हा गिरण्यांचा संप होता. तेव्हा या पाटल्या आमच्या घरात नव्हत्या, एका पेढीवर होत्या. त्यांच्यावर आमचं घर चाललं, माझी दहावी झाली, ताईचं कॉलेज सुटलं नाही. आईने दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करून दर महिन्याला व्याज भरलं आणि त्या परत आणल्या. बाबा त्या दिवशी तिला म्हणाले, घाल की आता. ती म्हणाली, आधी कणीक मळते.

बाळ, आजीने या मिरवल्या कमी आणि वापरल्या जास्त. तूही हव्या तशा वापर. घालाव्याशा वाटल्या तर घाल, नाही तर ठेव, कामाला लागल्या तर कामाला लाव. मला विचारायचं नाही. जावईबापू, ती तुम्हालाही विचारणार नाही, पण सांगेल असं वाटतं.

झालं. चला जेवायला.’

कणकेचं वाक्य माझ्या दुरुस्त केलेल्या कागदावर नव्हतं. ते त्याला कुठून आठवलं, कोण जाणे. मला तो दिवस आठवतो, पण हे बोलणं मी ऐकलेलं नव्हतं. तो तेव्हा स्वयंपाकघरात असेल.

एक पाटली त्याने उजव्या हातात चढवली, एक मी डाव्या. मेंदी, हळद, अक्षतांचे दाणे आणि बारा-तेरा हिरव्या बांगड्या यांतून पाटली सरळ गेली. लोक हसले ते जावईबापूंच्या वाक्याला. टाळ्या कमी पडल्या, कारण अर्धी मंडळी उठून पंगतीकडे निघाली होती, आणि ते योग्यच झालं.

जेवताना विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मठ्ठा संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, ‘पाटल्यांवर हॉलमार्क नसेल ना?’ मी म्हटलं, नाही, 1960 चं काम, त्यावर शिक्का कुठला असणार. मनात म्हटलं, आलं आता वजनावर.

तर त्या म्हणाल्या, ‘माझ्या सासूबाईंचे तोडे आहेत. लाखेचे. दुकानवाले हातच लावत नाहीत, सगळे मोडा म्हणतात. तुमच्या त्या कारागिराकडे न्याल का मला?’

मंगळवारी सकाळी अकराला मशीद बंदर स्टेशनवर भेटायचं ठरलं आहे. तोडे पिशवीत नको, कमरेला बांधून आणा, असं मी त्यांना दोनदा सांगितलंय.